माया आणि मर्यादा दोन्ही एकत्र: पालकत्वाच्या पद्धतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात एका शाळेत काउन्सेलर आहे. पालकसभा संपली की दाराशी चारपाच आया आणि एखाददुसरे बाबा थांबतात, आणि खरे प्रश्न तिथेच येतात. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातली आजी असो की मांजलपूरच्या फ्लॅटमधली नोकरी करणारी आई, प्रश्न जवळपास सारखेच असतात. ते इथे एकत्र केलेत. उत्तरं लांब झालीयेत, पण दोन ओळीत सांगितलं की लोक घरी जाऊन भलतंच करतात हे मी बघितलंय, म्हणून लांबच ठेवली.

या तीन पद्धती म्हणजे नक्की काय, आणि आल्या कुठून?

१९६० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात डायना बॉमरिंड नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी बालवाडीतल्या मुलांचा अभ्यास केला, आणि सुरुवात पालकांपासून न करता मुलांपासून केली. म्हणजे आधी बघितलं की कुठली मुलं स्वतःचं स्वतः करतात, आनंदी असतात, नवीन गोष्टीला हात घालतात, कुठली बुजलेली आणि कुरकुरी आहेत, आणि कुठली स्वतःवर अजिबात ताबा न ठेवणारी आहेत. मग त्यांच्या घरी जाऊन बघितलं की तिथे काय चालतं. आणि घरी जायची वेळही विचार करून निवडली होती, रात्रीच्या जेवणाच्या जरा आधीपासून मूल झोपेपर्यंत. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना वेगळं सांगायला नको की घरातलं सगळं खरं त्याच दोनतीन तासात दिसतं.

त्यातून १९६६-६७ च्या सुमारास त्यांनी तीन प्रकार मांडले. ऑथॉरिटेरियन, म्हणजे मी सांगितलं म्हणून, उलट प्रश्न नाही, चुकलं की शिक्षा. परमिसिव्ह, म्हणजे प्रेम भरपूर पण कशालाच ठाम नाही, मुलाला हवं तसं. आणि ऑथॉरिटेटिव्ह, म्हणजे अपेक्षा स्पष्ट, नियम पाळले जातात, पण कारण सांगितलं जातं, मुलाचं ऐकलं जातं आणि जवळीक असते. इंग्रजी नावं फार सारखी आहेत, म्हणून मी पुढे सरळ हुकमी, मोकळीक देणारे आणि मायेने ठाम असंच म्हणणार आहे.

म्हणजे मायेने ठाम हा हुकमी आणि मोकळीक यांच्यातला मधला रस्ता ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. मधला रस्ता म्हटलं की लोक काय करतात, तर सोमवार ते शुक्रवार ओरडतात आणि शनिवारी वाईट वाटलं म्हणून सगळं सोडून देतात, आणि म्हणतात की आम्ही बॅलन्स ठेवतो.

१९८३ मध्ये एलिनॉर मॅकॉबी आणि जॉन मार्टिन यांनी हे जास्त साफ केलं. त्यांचं म्हणणं असं की इथे दोन वेगळी मापं आहेत. एक, मुलाला किती प्रतिसाद देता, म्हणजे माया, लक्ष, ऐकून घेणं. दुसरं, मुलाकडून किती अपेक्षा ठेवता आणि त्या पूर्ण होतायत की नाही हे किती बघता. ही दोन मापं एकमेकांना बांधलेली नाहीत, एक वाढवलं की दुसरं कमी करावं लागत नाही. हुकमी पालकांचं दुसरं जास्त आणि पहिलं कमी. मोकळीक देणाऱ्यांचं उलट. मायेने ठाम असणाऱ्यांची दोन्ही जास्त. आणि दोन्ही कमी असा चौथा गट त्यांनी जोडला, दुर्लक्ष करणारे पालक, आणि मुलांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट चित्र त्याच गटात दिसतं.

त्यामुळे एखादा बाबा मला म्हणाला की मी फार कडक आहे, आता जरा ढील देतो, तर मी विचारते की ढील कशात देणार? नियमात ढील द्यायची गरज बऱ्याचदा नसतेच. कमी पडत असते ती जवळीक, आणि ती वाढवायला एकही नियम सोडावा लागत नाही.

संशोधनात खरंच काय फरक दिसला? दोन्ही टोकांची मुलं बिघडतात का?

बिघडतात हा शब्द मला नको वाटतो. १९९१ मध्ये सुझी लॅमबॉर्न, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, अमेरिकेतल्या चार हजारांवर टीनएजर मुलांचा. त्यातलं चित्र मला पटतं कारण ते आपल्या आजूबाजूला दिसतं.

हुकमी घरातली मुलं अभ्यासात आणि वागणुकीत ठीकठाक होती, सांगितलेलं ऐकत होती, पण स्वतःबद्दलचं मत खालचं होतं, आपल्याला जमेल असं त्यांना वाटत नव्हतं. मोकळीक असलेल्या घरातली मुलं आत्मविश्वासाने भरलेली, पण शाळेत मन कमी, शाळेतल्या खोड्या जास्त आणि दारू-ड्रग्जकडे वळणंही जास्त. दोन्ही बाबतीत बऱ्यापैकी चांगली होती ती मायेने ठाम घरातली. आणि दुर्लक्ष झालेली मुलं सगळ्यातच मागे.

म्हणून "माझं मूल तर ऐकतं, मग काय प्रॉब्लेम" असं कोणी म्हटलं की मी जरा थांबते. ऐकतं हे एक माप झालं. तुमच्या मागे, तुम्ही नसताना, ते स्वतः काय ठरवतं हे दुसरं.

ठाम असणं आणि कडक असणं यातला फरक घरी कसा ओळखायचा?

ब्रायन बार्बर या संशोधकाने १९९० च्या दशकात एक फरक मांडला तो मला फार उपयोगी वाटतो. पालकांचा ताबा दोन प्रकारचा असतो. एक ताबा वागण्यावर: किती वाजता यायचं, कोणाबरोबर जायचं, अभ्यास झाला की नाही. दुसरा ताबा मनावर: मुलाला अपराधी वाटायला लावणं, बोलणंच बंद करणं, त्याच्या भावनेलाच खोटं ठरवणं.

वागण्यावरचा ताबा फार ढिला असेल तर मुलं नियम मोडण्याकडे, मारामारी, चोऱ्यामाऱ्या, वाईट संगत अशा गोष्टींकडे जास्त वळताना दिसतात. मनावरचा ताबा जास्त असेल तर उदासी आणि चिंता जास्त दिसते. म्हणजे पहिला बऱ्यापैकी हवा, दुसरा जितका कमी तितका बरा.

आता आपल्या घरातली वाक्यं बघा. "साडेनऊला मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा" हा वागण्यावरचा ताबा. "आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो आणि तुला आईबापाची किंमत नाही" हा मनावरचा. "आज क्लास बुडवलास, उद्या सरांना फोन करून तू स्वतः सांगायचं" हा पहिला. मग दोन दिवस लेकाशी बोलायचंच नाही, ताट समोर ठेवून निघून जायचं, हा दुसरा. गंमत अशी की अबोला धरणाऱ्या आया स्वतःला कडक समजतच नाहीत, कारण त्या ओरडत नाहीत ना. पण मुलाला तो अबोला ओरडण्यापेक्षा जास्त लागतो, त्याला कळतच नाही की हे संपणार कधी आणि काय केल्यावर.

एखादं खरं उदाहरण द्या ना, पूर्ण, सुरुवातीपासून.

माझ्या ओळखीच्या एका घरातलं देते, त्यांना विचारून, आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. मांजलपूरला राहणारं मराठी कुटुंब, आईबाबा, आजी, आणि दहावीतली मुलगी, पंधरा वर्षांची. विषय अर्थात गरबा, बडोद्यात दुसरा कुठला असणार.

मुलीचं म्हणणं होतं की नऊच्या नऊ रात्री मैत्रिणींबरोबर मोठ्या मैदानात जाणार, सगळ्याच जातायत. बाबांचं पहिलं उत्तर: दहावी आहे, नाही म्हणजे नाही. आईचं पहिलं उत्तर: जाऊ दे हो, वर्षातून एकदा असतं, पुढच्या वर्षी कुठे कोण असेल. म्हणजे एकाच घरात दोन्ही टोकं, आणि मुलीने ओळखलं होतं की बाबांना न विचारता आईला विचारायचं.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी ते तिघं बसले. हे आधी बसणं महत्त्वाचं आहे, कारण चनियाचोळी घालून मैत्रिणी खाली अ‍ॅक्टिव्हा लावून हॉर्न वाजवतायत तेव्हा काहीच नीट ठरत नाही. आधी तिला बोलू दिलं, तिला नक्की काय हवंय. आणि बाहेर आलं ते वेगळंच. नऊ रात्रींचा हट्ट नव्हताच, भीती ही होती की सगळ्यांचे ग्रूप फोटो असतील आणि त्यात ती नसेल. हे कळल्यावर बाबा जरा सैल झाले.

मग काय ठरलं ते सांगते. सोसायटीच्या गरब्यात रोज जायला हरकत नाही, तो खालीच असतो. मोठ्या मैदानात तीन रात्री, त्या कुठल्या ते तिने निवडायचं, आणि तिने शुक्रवार, शनिवार आणि आठम निवडली. सव्वाबाराला ठरलेल्या गेटपाशी यायचं, बाबा तिथे गाडी घेऊन असतील, कोणाच्या मागे बसून यायचं नाही. उशीर होणार असेल तर बाराच्या आधी मेसेज, कारण ढोलाच्या आवाजात फोन ऐकू येत नाही हे बाबांनाही मान्य होतं. मेसेज न करता उशीर झाला तर मैदानातली पुढची रात्र रद्द, सोसायटीचा गरबा चालू. आणि चनियाचोळी कुठली, बॅकलेस की कशी, मैत्रिणी कुठल्या, हा तिचा विषय. आजीला हे शेवटचं पटलं नाही. आईला सुद्धा जरा जड गेलं.

ज्युडिथ स्मेटाना या संशोधकांचं बरंच काम याच गोष्टीवर आहे. टीनएजर मुलं सुरक्षिततेच्या आणि दुसऱ्याला त्रास होईल अशा बाबतीत आईबापांचा अधिकार बऱ्यापैकी मान्य करतात. पण कपडे, केस, मैत्रिणी, आवडीनिवडी हे आपलं स्वतःचं आहे असं त्यांना वाटतं, आणि तिथे नियम लावले की भांडण पेटतं. म्हणून या घराने वेळ आणि येण्याजाण्याची सोय स्वतःकडे ठेवली आणि कपडे सोडून दिले. सगळीकडेच पकड ठेवायला गेले असते तर जिथे खरंच गरज होती तिथली पकडही सुटली असती.

शुक्रवार नीट गेला. शनिवारी ती पाऊण वाजता गेटवर आली, मेसेज नाही. बाबा अर्धा तास उभे, जीव टांगणीला. गेटवर मैत्रिणींसमोर ते काही बोलले नाहीत, गाडीत एवढंच विचारलं की काय झालं. ती म्हणाली काही नाही. रविवारी सकाळी चहा झाल्यावर बाबा म्हणाले, मेसेज नव्हता, म्हणून ठरल्याप्रमाणे आठम मैदानात नाही, आज सोसायटीत जा. पाच मिनिटांत विषय संपला. तुझ्यावर विश्वास ठेवला हीच चूक, बघितलं का मी म्हणालो होतो, यातलं काही नाही.

ती रडली, दार आपटलं, म्हणाली की तुम्ही दुष्ट आहात. आजी म्हणाली, अहो आठम आहे, देवीचं कारण आहे, पाठवा एवढी रात्र. आई तिच्या खोलीत जाऊन बसली आणि म्हणाली, वाईट वाटणारच गं, मलाही वाटतंय. आणि तिथेच थांबली. आइस्क्रीमला चल म्हणाली नाही, बाबांना सांगून बघते म्हणाली नाही. मला विचाराल तर सगळ्यात अवघड भाग आईने केला, कारण जवळ बसायचं आणि तरी नियम हलू द्यायचा नाही या दोन गोष्टी एका वेळी करताना पोटात कालवतं.

मग ती सुधारली का?

दोन दिवस तोंड फुगवून होती. मायेने ठाम राहिलं की मूल लगेच म्हणतं आई तुझं बरोबर होतं, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती सोडा, पंधराव्या वर्षी कोणी असं म्हणत नाही.

पण दिवाळीच्या आसपास तिने स्वतःहून बाबांना सांगितलं की त्या रात्री एक मैत्रीण घरच्या भांडणावरून रडत होती, तिला सोडून कसं येणार, आणि फोन पर्समध्ये, पर्स दुसरीकडे. बाबांना वाटलं की मग आपण अन्याय केला का. मला तसं वाटत नाही, नियम मेसेजचा होता आणि कोणाचाही फोन मागून मेसेज करता आला असता. पण एक बदल त्यांनी केला तो चांगला होता. आता निकाल सांगण्याआधी ते पुन्हा एकदा विचारतात, रात्रीच्या रागात नाही तर सकाळी, की तुझ्या बाजूने काय झालं होतं. कारण ऐकून निकाल बदलेलच असं नाही, पण ऐकलं जातं.

मुलं काही सांगतच नाहीत. मग फोन चेक करावा का, मागे कोणाला पाठवावं का?

स्वीडनमध्ये हॉकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली एक अभ्यास छापला, तो चौदा वर्षांच्या मुलांवर होता. तोवर सगळे म्हणायचे की जे पालक मुलांवर नजर ठेवतात त्यांची मुलं कमी बिघडतात. यांनी विचारलं की पालकांना माहिती मिळते कुठून? उत्तर आलं की मुख्यतः मूल स्वतः सांगतं म्हणून. प्रश्न विचारून, नियम लावून किंवा पाळत ठेवून मिळणारी माहिती त्यामानाने कमी कामाची होती.

याचा अर्थ नियम नकोत असा नाही. याचा अर्थ असा की मूल स्वतःहून सांगेल असं वातावरण घरात आहे का, हे आधी बघा. त्या गरब्याच्या मुलीने महिन्याभराने का होईना सांगितलं, कारण शिक्षा झाली तरी अपमान झाला नव्हता. ज्या घरात खरं सांगितल्यावर तासभर लेक्चर मिळतं तिथे मूल खरं सांगायचं बंद करतं, आणि मग फोन चेक केला तरी दुसरा अकाउंट असतोच.

घरात नीट चाललंय का हे बघायची मला वाटणारी सोपी खूण म्हणजे तुमच्या मुलाने गेल्या महिन्यात तुम्हाला अशी एखादी गोष्ट सांगितली का जी लपवणं त्याला सहज शक्य होतं.

आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, जेवताना मोबाइल लागतोच. नाही म्हटलं की आकांडतांडव. काय करायचं?

इथे जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांचं अमेरिकेत ओरेगॉनमधलं काम कामी येतं. त्यांनी घराघरात जाऊन भांडणं अक्षरशः क्षणाक्षणाने टिपली. त्यांना दिसलं की एक चक्र असतं. आई म्हणते मोबाइल ठेव. मुलगा रडतो. आई आवाज चढवते. तो लोळण घेतो. आई थकते आणि म्हणते, घे बाबा घे, पण खा. दोघांनाही त्या क्षणी शांतता मिळते, आणि दोघंही धडा शिकतात: मुलगा शिकतो की लोळण घेतली की मिळतं, आई शिकते की दिला की गप्प होतो. उद्या लोळण थोडी लवकर येते.

त्यात सगळ्यात पक्की सवय लागते ती कधी नाही आणि कधी हो म्हटल्याने. पाच दिवस ठाम राहिलात आणि सहाव्या दिवशी, पाहुणे आहेत म्हणून, दिला, तर तो शिकतो की पुरेसं ताणलं की कधीतरी मिळतंच.

म्हणून मी सांगते की जेवढं निभावता येईल तेवढंच ठरवा. तीनही जेवणं एकदम नको, फक्त रात्रीचं घ्या. जेवणाच्या आधी, ताट वाढायच्या बरंच आधी सांगा की आजपासून रात्री मोबाइल नाही, आईबाबांचाही नाही. मोबाइल डोळ्यासमोरून हलवा. जेवायला अर्धा तास, मग ताट उचलायचं, न खाल्ल्याबद्दल बोलणी नाहीत, झोपायच्या आधी दूध रोज देत असाल तर तेवढं नेहमीसारखं. रडला तर जवळ बसा, "तुला हवा होता, कळतंय मला" एवढं एकदा म्हणा, दहादा समजावू नका.

आणि हे लक्षात ठेवा की पहिले काही दिवस रडणं वाढणार. ते वाढलं म्हणजे उपाय फसला असं नाही, त्याचा जुना उपाय चालत नाहीये म्हणून तो जोर लावून बघतोय. नेमकं याच वेळी आजोबा खिशातून फोन काढतात, म्हणून सुरू करण्याआधी आजोबांशी बोला. वजन कमी होतंय किंवा खाणंच बंद केलंय असं वाटलं तर मात्र थांबा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

एखादी चापट मारली तर काय झालं? आम्हीही मार खाऊनच मोठे झालो.

२०१६ मध्ये एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, दीड लाखाहून जास्त मुलांची माहिती होती. चापट मारण्याचा संबंध चांगल्या वागण्याशी दिसला नाही, उलट आक्रमकपणा आणि मनाचे त्रास यांच्याशी दिसला. चापट त्या मिनिटापुरतं थांबवते म्हणून ती कामाची वाटते. आणि शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं आणि ते स्वतःच शिक्षकांना सांगतात की मारा हो, आमची हरकत नाही. माझी आहे.

हे सगळं अमेरिकेतलं. आपल्याकडे एकत्र कुटुंब, मोठ्यांचा मान, इथे लागू होतं का?

प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनीही विचारलाय. १९९४ मध्ये रूथ चाओ यांनी लिहिलं की चिनी कुटुंबं या मापात हुकमी दिसतात, पण मुलाला वळण लावणं, त्याच्या मागे मेहनत घेणं हा तिथे मायेचाच भाग असतो, आणि मुलालाही ते तसंच कळतं. आपल्या आजीचं "आधी शुभंकरोती, मग खेळायला" यात कोणाला जुलूम दिसला तर तो बघणाऱ्याचा दोष आहे. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही मानवविकासाचा विभाग खूप जुना आहे, आणि तिथल्या टी. एस. सरस्वती यांनी भारतीय मुलांना भारतीय कुटुंबाच्या संदर्भात समजून घ्या हे सतत मांडलं.

पण म्हणून सगळं सुटत नाही. २००५ मध्ये जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत बघितलं. जिथे मारणं सर्रास मानलं जातं तिथे त्याचा वाईट परिणाम थोडा कमी दिसला, पण गेला नाही, जास्त मार म्हणजे जास्त आक्रमकपणा आणि चिंता हे तिथेही होतंच. आणि २०१८ मध्ये मार्टिन पिंक्वार्ट आणि रुबिना कौसर यांनी जगभरातले चारशेवर अभ्यास एकत्र केले तर मायेने ठाम पद्धतीचा काही ना काही चांगला संबंध जगाच्या सगळ्या भागांत दिसला.

त्यामुळे मी असं समजते की माया दाखवायची रीत आपली वेगळी असू शकते. आपल्याकडे रोज आय लव्ह यू म्हणत नाहीत, क्लासवरून आल्यावर गरम थालीपीठ समोर येतं. ते चालेल. मुलाला ते माया म्हणून पोचतंय का, एवढं बघा.

मग आमच्या वागण्यावरच सगळं ठरतं का?

नाही, आणि जे असं सांगतात ते आयांवर उगाच ओझं टाकतात. हे बहुतेक अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, आणि आकड्यांत बघितलं तर परिणाम लहानच आहेत. शांत मुलाशी मायेने ठाम राहणं सोपं असतं, आणि चिडक्या मुलाचे पालक हळूहळू हुकमी होतात किंवा हात टेकतात, म्हणजे मूलही पालकांना घडवत असतं. मित्र, शाळा, पैशाची ओढाताण, जन्मजात स्वभाव, सगळं त्यात आहे. एकाच घरातली दोन भावंडं इतकी वेगळी निघतात ते काही उगाच नाही.

मी ठाम, नवरा मऊ (किंवा उलटं). चालेल का?

स्वभाव वेगळे चालतील, नियम वेगळे नाही चालणार. एक कडक आणि एक मऊ मिळून सरासरी मायेने ठाम असं काही तयार होत नाही, मूल फक्त कोणाला कधी विचारायचं ते शिकतं, जसं त्या मुलीला माहीत होतं. मुलासमोर एकमेकांचा नियम तोडू नका, पटला नसेल तर रात्री दोघं बोला, आणि बदलायचा असेल तर ज्याने नियम लावला त्यानेच मुलाला सांगायचं की आता बदललाय आणि का. आजीआजोबांशी सगळ्याच नियमांवर भांडू नका. दोनतीन नियम असे निवडा जे त्यांनीही पाळायचेत, बाकी त्यांच्या खोलीत त्यांचं राज्य. आजीच्या हातचा जास्तीचा लाडू खाऊन कोणाचं मूल हाताबाहेर गेलेलं मी तरी बघितलं नाही.

नियम बदलायचा कधी?

वय वाढलं की, आणि मूल आधीचा नियम बराच काळ नीट पाळत असेल तेव्हा. भांडण चालू असताना कधीच नाही. त्या घरी पुढच्या नवरात्रात, मुलगी अकरावीत गेल्यावर, मैदानातल्या पाच रात्री झाल्या आणि गेटवर बाबांच्या ऐवजी एका मैत्रिणीची आई न्यायला येऊ लागली, आळीपाळीने. मेसेजचा नियम मात्र तसाच राहिला, आणि तो का राहिला हे तिला विचारावं लागलं नाही.

मदत कधी घ्यावी?

मूल स्वतःला इजा करतंय, मरणाबद्दल बोलतंय, घरातून पळून जातंय, अचानक झोप-जेवण-मित्र सगळं सुटलंय, किंवा तुमच्याच हातून मार आवरत नाहीये, तर मर्यादा कशी लावायची हा प्रश्न बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर १४४१६ आहे, फोन फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो. मुलाला कोणाकडूनही धोका असेल, घरच्यांकडूनसुद्धा, तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. हा दुसरा नंबर मुलांनाही पाठ असू द्या.